बोकड बघायला जाताना

आठवडी बाजारात पैदाशीचा बोकड विकायला आणलेल्या माणसाचं एक वाक्य ठरलेलं असतं: "याला जुळ्याची लाईन आहे बरं का. याच्यापासून शेळ्या दोन-दोन देतात." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि हजार-दोन हजार जास्त मोजतं.

वाक्याचा पूर्वार्ध खरा असू शकतो, उत्तरार्ध मात्र साफ खोटा. शेळीला किती करडं होणार, हे बोकड ठरवतच नाही. त्या माजात शेळीच्या बीजांडकोशातून किती बीजं सुटली, यावर ते ठरतं. एक सुटलं तर एक करडू, दोन सुटली तर जुळं. बोकडाकडे शुक्रजंतू अब्जावधी असतात, पण फळायला बीजच एक असेल तर बाकीच्यांनी करायचं काय? तुमच्या शेळ्या आजवर एकेकच देत असतील, तर जुळ्याच्या लाईनीचा महागडा बोकड आणूनही यंदा एकेकच देतील.

मग लाईनीचे पैसे पाण्यात गेले? नाही, फक्त वसुली उशिरा होते. त्या बोकडाच्या लेकी मोठ्या होतील, त्यांना बापाकडून आलेला गुण दिसेल आणि जुळी त्यांना होतील. बोकड घेताना आपण करडांचा बाप नव्हे, पुढच्या शेळ्यांचा बाप विकत घेत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बोकड निवडण्याचे बरेच निकष आपोआप बदलतात.

सुंदरबनातून फलटणला, व्हाया ऑस्ट्रेलिया

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण मेंढ्यांमधलं आहे आणि ते आपल्या सातारा जिल्ह्यातलं आहे. आपली दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी आकाराने अगदी लहान, पण जुळी-तिळी देण्यात पटाईत. तिच्या अंगात एक विशिष्ट जनुक आहे. त्याची एक प्रत मिळाली की मेंढीची दर माजाला सुटणारी बीजं वाढतात, दोन मिळाल्या की आणखी वाढतात. हेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या 'बुरूला' मेरिनो मेंढ्यांत सापडलं होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून जहाजाने ऑस्ट्रेलियात मेंढ्या गेल्या होत्या आणि तो गुण त्यांच्यामार्फतच तिकडे पोहोचला, असं मानलं जातं. २००१ साली शास्त्रज्ञांनी या जनुकाचा नेमका पत्ता शोधून काढला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळचा हा गुण दख्खनीत उतरवला आणि त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. आता यातली गंमत बघा. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला सुवर्णा मेंढा आणि एकही नसलेला मेंढा शेजारी उभे करा. नुसतं बघून कोणालाही फरक सांगता येणार नाही, कारण हा गुण नरात दिसतच नाही. तो फक्त रक्ताच्या तपासणीत सापडतो किंवा मग लेकी व्याल्यावर. दोन प्रतींचा मेंढा मात्र प्रत्येक लेकीला एक प्रत देतोच देतो, त्यात हुकायचा प्रश्नच नाही.

शेळीत जुळ्यांसाठी अशी सरळ तपासणी आपल्या बाजारात हाताशी नाही. तिथे एकच उपाय: बोकड बघायला गेलात की आधी त्याची आई दाखवा म्हणायचं. ती किती वेळा व्यायली, दर वेळी किती करडं झाली, किती जगली, तिची कास कशी आहे, दोन्ही सड मोकळे आहेत का, हे विचारायचं. आई दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडचा बोकड कापायला घ्यावा, पैदाशीला नाही.

सगळ्यात मोठं करडू घेतलंत? फसलात!

तीन महिन्यांची दहा नर करडं समोर उड्या मारताहेत. पैदाशीसाठी कोणतं ठेवाल? सगळे बोट दाखवतात ते सर्वांत दांडग्याकडे. आता जरा चौकशी करा. ते दांडगं करडू बहुधा एकटं जन्मलेलं निघतं. आईच्या पोटात जागा एकट्याला आणि आईचं दूधही एकट्यालाच. त्याच्या शेजारचं किलो-दीड किलोने कमी भरणारं करडू जुळ्यातलं असेल, तर अर्ध्या दुधावर तेवढं वाढलेलं ते करडू खरं तर जास्त कसाचं. दर पिढीला नुसत्या डोळ्यांनी 'मोठ्ठा' निवडत गेलं की माणूस नकळत जुळ्यांची लाईन स्वतःच्या हाताने छाटत जातो. म्हणून एकट्याची तुलना एकट्याशी आणि जुळ्याची जुळ्याशी करायची, तीही एकाच आठवड्यात जन्मलेल्यांत.

दुसरी छाटणी बाजार करतो. बकरी ईदला सगळ्यात देखण्या, भरदार, निर्दोष नराला सगळ्यात जास्त भाव मिळतो. कुर्बानीला जनावर अव्यंगच लागतं, त्यामुळे खोट असलेला नर मागे राहतो आणि गोठ्यात उरलेला तोच मग 'आहे की घरचा' म्हणून पैदाशीला लागतो. शेळीपालकाला दोष तरी कसा द्यावा, समोर नोटा दिसत असतात. तरीही ईदच्या तीन-चार महिने आधीच आपला पैदाशीचा नर ठरवून त्याला 'विकायचा नाही' असा शिक्का मारणं हाच यातला व्यवहार. एक भाव गेला म्हणून हळहळ वाटेल, पण त्या एका भावापायी वीस शेळ्यांची पुढची पिढी जाते.

हात लावल्याशिवाय सौदा नाही

बोकडाच्या अंगावर सुरुवात मागून करा. अंडगोल दोन्ही हवेत, सारख्या आकाराचे, हाताला घट्ट लागणारे, पिशवीत मोकळे हलणारे. एकच खाली उतरलेला असेल तर 'चालतंय की, काम करतो' हे ऐकायचं नाही. तो काम करतोही, पण ही खोट मुलांत उतरते. साधा शिंप्याचा टेप घ्या, अंडगोल हलक्या हाताने खाली ओढा आणि सगळ्यात रुंद भागाचा घेर मोजा. एका वयाच्या चार बोकडांत ज्याचा घेर मोठा त्याला झुकतं माप द्या. घेर जास्त म्हणजे शुक्रजंतू तयार करायचा कारखाना मोठा, एवढंच नाही. अशा नरांच्या लेकीही लवकर वयात येतात, असं मेंढ्या आणि गुरांत दिसलं आहे.

मग तोंड उघडा. शेळ्या-मेंढ्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, नुसती कडक हिरडी असते. खालचे दात त्या हिरडीवर बरोबर टेकले पाहिजेत. खालचा जबडा पुढे आलेला किंवा मागे गेलेला असेल तर जनावर गोठ्यात खाईल, पण रानात चरताना मागे पडेल. हेही लेकरांत उतरतं. दातांवरून वय कळतं: सगळे दुधाचे म्हणजे वर्षाच्या आतबाहेर, दोन मोठे आले की साधारण सव्वा-दीड वर्षाचा. पैदाशीला दोनदाती किंवा चारदाती बोकड बरा. दुधाचे दात असलेल्यालाही घाई असतेच, पण त्याला पहिल्या हंगामात आठ-दहा शेळ्यांपेक्षा जास्त काम देऊ नये. पुरा वाढलेला बोकड वीस-पंचवीस शेळ्या सांभाळतो.

आता पोटाखाली बघा. बोकडालाही सड असतात! दोन असावेत, सुटे, साधे. तीन-चार किंवा एकमेकांना चिकटलेले असतील तर त्याच्या लेकींच्या कासेत तोच घोळ होऊ शकतो आणि मग करडाला नेमका कोणता सड तोंडात घ्यावा ते कळत नाही.

शिंगांची गोष्ट तर फारच विचित्र. सानेन, अल्पाइन यांसारख्या युरोपीय दुधाळ शेळ्यांत बिनशिंगीपणा आणणारं जनुक आणि माद्या वांझ करणारं जनुक हे एकच निघालं. बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळीला लावला, तर ज्या मादी करडांना ते दोन्हीकडून मिळतं, ती धड मादी ना धड नर अशी जन्मतात. सानेनचं रक्त असलेला संकर गोठ्यात असेल, तर बोकड शिंगांचाच ठेवा. उस्मानाबादीत ही चिंता बरीचशी आपोआप मिटते, कारण शेळ्या बिनशिंगी पुष्कळ असल्या तरी बोकडांना बहुतेक शिंगं असतातच.

शेवटी त्याला दोनशे पावलं चालवा. संयोगाच्या वेळी सगळं वजन मागच्या पायांवर येतं. मागचा पाय लंगडणारा किंवा आत वळलेला बोकड कितीही देखणा असला तरी परत पाठवा.

आणि वासाला नाक मुरडू नका. माजलेला बोकड स्वतःच्या दाढीवर नि पुढच्या पायांवर मुततो, हा त्याचा मेकअप असतो. त्याच्या डोक्याच्या कातडीतून आणि केसांतून सुटणाऱ्या वासात एक द्रव्य असतं, जे शेळीच्या मेंदूतली माजाची यंत्रणा थेट चालू करतं. जपानी संशोधकांनी ते २०१४ साली ओळखलं. म्हणूनच महिनाभर लांब ठेवलेला बोकड अचानक कळपात सोडला की थोड्याच दिवसांत एकामागून एक शेळ्या माजावर येतात.

गेरूची परीक्षा

बोकड उड्या मारतो म्हणजे शेळ्या गाभण राहतात, असं नाही. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, गेरू लागतो. गेरू तेलात कालवून बोकडाच्या छातीला, पुढच्या दोन पायांच्या मधोमध, फासायचा. ज्या शेळीवर तो चढेल तिच्या ढुंगणावर लाल डाग पडतो. डाग दिसला की वहीत तारीख लिहा. शेळीचा माज २१ दिवसांनी फिरतो, मेंढीचा १७. पहिले २१ दिवस लाल, मग रंग बदला, निळा किंवा काळा घ्या. पुढच्या २१ दिवसांत लाल डागवाल्यांपैकी एखाद-दुसऱ्या शेळीवर निळा पडला तर काळजीचं कारण नाही. वीसपैकी बारा-तेरा जणी उलटल्या, निळ्या झाल्या, तर दोष शेळ्यांचा नाही. बोकड बदला, तोही लगेच.

मात्र बदलण्याआधी मागचे दोन महिने आठवून पाहा. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला जवळजवळ दोन महिने लागतात. अंडगोल शरीराबाहेर लोंबतात ते थंड राहायला, शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड. एप्रिलमध्ये बोकडाला कडक ताप आला असेल किंवा तो पत्र्याच्या शेडमध्ये भाजून निघाला असेल, तर त्याचा हिशोब जूनमध्ये लागतो. जूनला तो ठणठणीत दिसतो आणि मालक चक्रावतो. खुराकाचंही तसंच. हंगामाच्या आदल्या दिवशी मूठभर मका टाकून काही होत नाही, दोन महिने आधी सुरुवात करावी लागते. आणि नुसतं धान्य-भुसा चारू नका. बोकडाला त्याने मुतखडा होतो, आणि मूत अडलेला बोकड दोन दिवसांत दगावू शकतो.

शंभर शेळ्या म्हणजे चार

आता एक गणित. कळपात रक्ताची विविधता किती, हे मोजायचं एक सूत्र आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, आणि त्याला एकूण जनावरांनी भागायचं. एक बोकड आणि २५ शेळ्या घ्या. चार गुणिले २५ म्हणजे १००, भागिले २६. उत्तर चारपेक्षाही किंचित कमी. बरं, शेळ्या शंभर करा. ४०० भागिले १०१, तरीही चारच्या आतच. हजार शेळ्या आणल्यात तरी एका बोकडावर हा आकडा चार ओलांडणार नाही. वारशाच्या हिशोबात तुमचा अख्खा कळप चार जनावरांचाच राहतो. २५ शेळ्यांमागे दुसरा बोकड आणलात की तोच आकडा सातच्या पुढे जातो. शेळ्या वाढवून जे होत नाही, ते एक बोकड वाढवून होतं.

जून ते जून

'बोकड दर दोन वर्षांनी बदला' हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. एका कळपाचा हिशोब मांडून बघू.

समजा, जून २०२३ मध्ये वीस उस्मानाबादी शेळ्यांच्या मोकळ्या कळपात नवा बोकड आला. शेळ्या जून-जुलैत फळल्या. गाभणकाळ १५० दिवस, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करडं आली. त्यांतल्या पाटी सात-आठ महिन्यांच्या झाल्या की माजावर येतात, म्हणजे जून-जुलै २०२४. बाप कळपातच आहे आणि त्याला कोण आपली लेक आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. दोन वर्षं कुठली, बारा महिन्यांतच गाडी घसरली!

बाप-लेकीच्या करडात बिघडतं काय? प्रत्येक गुणाची दोन जनुकं असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बोकडाच्या एखाद्या जोडीतलं एक जनुक लेकीला मिळालं. आता बोकड तेच जनुक पुन्हा देण्याची शक्यता निम्मी आणि लेक तेच पुढे देण्याची शक्यताही निम्मी. निम्म्याची निम्मी म्हणजे २५ टक्के. करडाच्या एक चतुर्थांश जोड्यांत दोन्ही जनुकं बोकडाच्या एकाच जनुकाची नक्कल असतात. त्यात एखादं सदोष जनुक लपलेलं असेल तर आता त्याला झाकायला दुसरं चांगलं जनुक नसतं. हाच बोकड त्या करडालाही लागला तर आकडा ३७.५ वर जातो. सख्ख्या बहीण-भावांच्या करडातही २५, सावत्र बहीण-भावांच्या करडात १२.५.

म्हणून 'याचाच पोरगा ठेवू, घरचा आहे' हा उपाय म्हणजे आगीतून फुफाट्यात. पोरगा आईला लागला की २५ आणि सावत्र बहिणींना लागला की १२.५. त्याहून फसवी गोष्ट वेगळीच. मागचा बोकड छान निघाला म्हणून आपण त्याच फार्मवरून पुन्हा बोकड आणतो. तो पहिल्याचा सख्खा भाऊ निघाला तर काका-पुतणीच्या करडातही १२.५ टक्के येतातच. भरवशाच्या माणसाकडे जा, पण वही उघडून आधी आई-बाप विचारा.

आणि नर करडांना लहान समजू नका. चार-पाच महिन्यांचा पठ्ठ्या आपल्या आईला गाभण करू शकतो. तीन महिन्यांत दूध तोडलं की नर वेगळे करा किंवा खच्ची करा. गोठ्यातल्या 'कोणापासून राहिली कळलंच नाही' अशा बऱ्याच गाभण पाटींमागे असा एखादा पठ्ठ्याच असतो.

रक्त जवळ आल्याची खूण एका करडात दिसत नाही, वहीत दिसते. जन्मवजन दरसाल थोडं थोडं घसरतं, पहिल्या महिन्यात मरणारी करडं वाढतात, शेळ्या जास्त उलटतात, जबडा वाकडा असलेलं एखादं करडू निघतं. चारा कमी पडला तरी यांतल्या बऱ्याच गोष्टी घडतात, म्हणून आधी चाऱ्याचा संशय फेडून घ्या. चारा तोच, औषधं तीच आणि तरी उतार असेल तर कारण दावणीलाच बांधलेलं आहे.

दिलासा एवढाच की हा बिघाड एका पिढीत पुसता येतो. बाप-लेकीच्या संबंधातून झालेली शेळीसुद्धा नात्यात नसलेल्या बोकडाला लावली, की तिच्या करडाचा आकडा थेट शून्य. इतकी स्वस्त दुरुस्ती शेळीपालनात दुसरी नाही.

मग ठेवायचा किती दिवस?

याचं उत्तर बोकडाच्या वयात नाही, त्याच्या लेकीच्या वयात आहे. सगळ्या पाटी विकून टाकत असाल आणि शेळ्या बाहेरून आणत असाल, तर बोकड पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे पाय, दात आणि उमेद शाबूत असेपर्यंत, खुशाल ठेवा. लेकी ठेवत असाल आणि कळप मोकळा असेल, तर मुदत एक वर्ष. बोकड बांधून ठेवून माजाची शेळी त्याच्याकडे नेत असाल, किंवा लेकींचा कप्पा वेगळा असेल, तर दीड-दोन वर्षं. दोन वर्षांचा तो प्रसिद्ध नियम या तिसऱ्या प्रकारचा आहे, पण तो सांगताना 'बांधलेला' हा शब्द बहुतेक वेळा गळून जातो.

चांगला बोकड वर्षा-दोन वर्षांत घालवायचा जिवावर येतं, हे खरं. त्यावर तिघांनी मिळून करायचा तोडगा आहे. तीन गावांतले तीन शेळीपालक, एकमेकांशी नातं नसलेले तीन बोकड. मुदत संपली की पहिल्याचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पहिल्याकडे. दीड वर्षाचा असताना आलेला बोकड असा तिन्ही गोठे फिरून होईपर्यंत सहा वर्षांच्या आसपास पोहोचतो आणि एकाही लेकीला लागत नाही. अट एकच, तिघांनी आपसांत शेळ्या किंवा पाटी द्यायच्या-घ्यायच्या नाहीत. एक पाट जरी इकडून तिकडे गेली तरी मागून तिचा बाप तिथे पोहोचतोच.

पण बोकडाबरोबर रोगही गाव बदलतो. निघण्याआधी रक्त तपासून ब्रुसेलोसिस नाही याची खात्री करून घ्या. हा रोग शेळ्यांना गाभडवतो आणि माणसालाही होतो. पीपीआरची लस झालेली हवी, आणि नव्या गोठ्यात तीन-चार आठवडे बोकड वेगळा बांधा. तेवढ्यात नव्या चाऱ्याची सवयही होते.

बोकड ज्या दिवशी गोठ्यात येईल, त्याच दिवशी भिंतीवर खडूने दोन तारखा लिहा: आल्याची आणि जाण्याची. दुसरी तारीख आली, की गिऱ्हाईक मिळो न मिळो, त्याला कळपातून बाहेर काढा.